पडद्यावरचे वाक्य नेमके कोणाचे?

डिजिटल फसवणुकीच्या तक्रारीसोबत आज हमखास जोडला जाणारा पुरावा म्हणजे मोबाइलच्या पडद्याचे चित्र, अर्थात स्क्रीनशॉट. परंतु हा पुरावा वाचताना एक साधा प्रश्न बहुधा विचारला जात नाही: चित्रातील कोणते शब्द अ‍ॅपचे आहेत आणि कोणते अ‍ॅपमधून आलेल्या दुसऱ्या माणसाचे? फसवणूक अनेकदा याच संभ्रमावर उभी असते.

यूपीआयमधील ‘कलेक्ट रिक्वेस्ट’, म्हणजे समोरच्याने पाठविलेली पैशांची मागणी, हे त्याचे बोलके उदाहरण. अशा एका मागणीच्या पडद्याची कल्पना करू. वर एक नाव, त्याखाली ₹१,९९९ ही रक्कम, मग ‘कॅशबॅक मंजूर, जमा करण्यासाठी पिन टाका’ अशी ओळ आणि तळाशी ‘नाकारा’ व ‘पैसे द्या’ अशी दोन बटणे. यांपैकी बटणे अ‍ॅपने लिहिली आहेत. कॅशबॅकची ओळ मात्र मागणी करणाऱ्याने शेऱ्याच्या रकान्यात टाकलेला मजकूर आहे. रकमेचा आकडाही त्यानेच भरला आहे. बटण खरे सांगते की पैसे जाणार आहेत. शेरा खोटे सांगतो की ते येणार आहेत. दोन्ही एकाच पडद्यावर, जवळपास सारख्याच अक्षरांत दिसत असल्याने अनोळखी माणसाचे वाक्य अ‍ॅपच्या अधिकारवाणीने बोलू लागते.

अ‍ॅप चालू असताना फोनला हा फरक ठाऊक असतो. कोणता घटक बटण आहे आणि कोणता निव्वळ मजकूर, याची नोंद प्रणालीकडे असते. म्हणूनच दृष्टिहीनांसाठीचे ‘टॉकबॅक’ शब्द वाचून झाल्यावर ‘बटण’ असेही उच्चारते. स्क्रीनशॉट घेताच ही नोंद गळून पडते आणि उरतात केवळ रंगांचे ठिपके. मग फरक वाचणाऱ्यालाच करावा लागतो.

त्यासाठी सर्वांत उपयोगी कसोटी अशी: पाठविणारा बदलला तर हा शब्द बदलेल का? त्याच अ‍ॅपमधील दोन वेगळ्या मागण्यांची चित्रे शेजारी ठेवली तर ‘पैसे द्या’ दोन्हींत त्याच जागी, तसेच राहते. नाव, रक्कम आणि शेरा बदलतो. जे टिकते ते अ‍ॅपचे, जे बदलते ते मजकुराचे. दुसरी कसोटी भाषेची. अ‍ॅपची भाषा मराठी केली की बटणे मराठीत येतात. शेरा ज्या भाषेत लिहिला गेला त्याच भाषेत राहतो. मात्र अनेक अ‍ॅपमध्ये अनुवाद अर्धवट असतो, त्यामुळे इंग्रजीत राहिलेली प्रत्येक ओळ बाहेरून आली असे म्हणता येत नाही.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे मजकुराने घेतलेले बटणाचे सोंग. संदेशातून आलेल्या चित्रातच गोल कडांचा हिरवा चौकोन रंगवून त्यावर ‘बक्षीस मिळवा’ असे लिहिलेले असते. फोनमध्ये अक्षरांचा आकार वाढविला तरी चित्रातली अक्षरे वाढत नाहीत, आणि ते चित्र मोठे करून पाहिल्यास अक्षरांच्या कडा अनेकदा भोवतालच्या खऱ्या लेबलांपेक्षा पुसट दिसतात. पण हाती केवळ स्क्रीनशॉट असेल तर पहिली चाचणी करता येत नाही. आणि स्क्रीनशॉटच पुढे पाठविताना दबला गेला असेल तर सगळीच अक्षरे पुसट होतात. अशा वेळी मूळ फोन पाहण्याला पर्याय नाही.

यूपीआय चालविणाऱ्या संस्थेने हा भेद अंशतः ओळखला आहे. क्यूआर कोडमधील यूपीआयच्या दुव्यात `pn` या खुणेपुढे पैसे घेणाऱ्याचे नाव आणि `tn` पुढे शेरा असतो. दोन्ही तो कोड बनविणारा लिहितो. राष्ट्रीय देयक महामंडळाने (एनपीसीआय) २०२५ मध्ये अ‍ॅपना असे नाव न दाखविता बँकेच्या नोंदीतील नाव दाखविण्यास सांगितले. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून व्यक्तीने व्यक्तीकडे पैसे मागण्याची ‘कलेक्ट’ सोयही बंद करण्याचे निर्देश दिले. व्यापाऱ्यांच्या मागण्या मात्र त्या निर्देशात नव्हत्या.

नावाबाबत लावलेला हा नियम शेऱ्यालाही लावता येईल. दुसऱ्याने लिहिलेली प्रत्येक ओळ ‘पाठविणाऱ्याने लिहिले’ अशा खुणेखाली, वेगळ्या चौकटीत दाखविण्याचे बंधन अ‍ॅपवर हवे. ती चौकट स्क्रीनशॉटमध्येही उतरेल आणि तक्रार वाचणाऱ्या अधिकाऱ्याला वाक्याचा धनी शोधत बसावे लागणार नाही. तोवर तक्रारीच्या अर्जात ‘पडद्यावरील कोणती ओळ वाचून आपण कोणते बटण दाबले?’ हा एक प्रश्न जोडला, तरी फसविणाऱ्याचे शब्द आणि अ‍ॅपचे शब्द तक्रारीच्या पहिल्याच पानावर वेगळे होतील.