गरम पाण्यात मज्जातंतूचा निरोप का अडतो?

अंधारात चालताना पायाचा अंगठा उंबरठ्याला ठेचकाळला, की काय होतं ते आठवून बघा. आधी एक तीक्ष्ण कळ येते. मग क्षणभर जणू काहीच नाही, आणि त्यानंतर दुसरी, बोथट, ठणकणारी कळ चढत येते आणि ती बराच वेळ राहते. ठेच एकच, पण वेदना दोनदा.

याचं कारण असं, की अंगठ्यापासून पाठीच्या कण्यापर्यंत वेगवेगळ्या जातीचे तंतू जातात. अंतर साधारण एक मीटर धरू. ठणका नेणारे तंतू सेकंदाला सुमारे एक मीटर वेगानं निरोप नेतात, म्हणजे त्यांना जवळजवळ पूर्ण सेकंद लागतो. तीक्ष्ण कळ नेणाऱ्या तंतूंचा वेग सेकंदाला पंधरा मीटरच्या आसपास असतो, त्यामुळे ती सत्तर मिलिसेकंदांतच पोचते. स्पर्श नेणारे जाड तंतू तर साठ मीटरचा वेग गाठतात आणि सतरा मिलिसेकंदांत काम संपवतात. पहिल्या जातीच्या तंतूंवर मायलिनचं आवरण नसतं, इतर दोन्हींवर असतं. हे आवरण नेमकं काय करतं आणि ते झिजलं की काय बिघडतं, हे आज आपण बघणार आहोत. वाटेत एक कोडंही लागेल: निरोगी मज्जातंतू गरम केला की जलद चालतो, मग आवरण झिजलेला तंतू गरम केल्यावर बंद का पडतो?

सुरुवात एका गैरसमजापासून करू. मज्जातंतू म्हणजे विजेची तार, असं आपण सर्रास म्हणतो. तार म्हणून अक्षतंतू अगदीच सुमार आहे. आत तांब्याऐवजी खारट पाणी आणि भोवती गळकी भिंत. एका टोकाला दिलेला व्होल्टेजचा धक्का काही मिलिमीटरांत विरून जातो. एक मीटर जायचं तर वाटेत तो पुन्हा पुन्हा नव्यानं तयार व्हायला हवा, आणि तेच काम व्होल्टेजवर उघडणारे सोडियम चॅनल करतात.

शांत अवस्थेत तंतूचा आतला भाग बाहेरच्या तुलनेत सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट असतो. बाहेर सोडियम आतल्यापेक्षा दहापटीहून जास्त. म्हणजे सोडियमला आत यायची दोन कारणं आहेत, फक्त दार बंद आहे. चॅनलच्या प्रथिनात धनभार असलेला एक भाग असतो आणि तो भिंतीवरचा व्होल्टेज जोखतो. आतला ऋण व्होल्टेज कमी झाला की तो भाग सरकतो आणि दार उघडतं. सोडियम आत आला की व्होल्टेज आणखी बदलतो, म्हणून आणखी दारं उघडतात. उणे ५५ च्या आसपास हा प्रकार हाताबाहेर जातो आणि एक मिलिसेकंद पुरा व्हायच्या आत व्होल्टेज अधिक ३० पर्यंत उसळतो. हेच अ‍ॅक्शन पोटेन्शियल. आत आलेला सोडियम शेजारच्या भिंतीकडे पसरतो, तिलाही उंबरठ्यापर्यंत नेतो, आणि तिथं तीच गोष्ट पुन्हा घडते.

व्होल्टेज खाली कसा येतो? इथं बरेच विद्यार्थी सोडियम-पोटॅशियम पंपाचं नाव घेतात. तसं नाही. पंप सावकाश काम करतो, त्याची जबाबदारी दीर्घकाळाचा हिशेब राखण्याची. तातडीचं काम दोन गोष्टी करतात. पोटॅशियमचे चॅनल जरा उशिरा उघडतात आणि धनभार बाहेर नेतात. आणि सोडियम चॅनल स्वतःच बंद होतात. त्यांचं हे बंद होणं वेगळ्या प्रकारचं असतं. दार उघडलेलं असतानाच आतल्या बाजूनं एक बूच येऊन बसतं. व्होल्टेज पुन्हा ऋण होऊन थोडा वेळ गेल्याशिवाय हे बूच निघत नाही. तोवर कितीही धक्का द्या, ते चॅनल उघडणार नाहीत. या काळाला रिफ्रॅक्टरी पिरियड म्हणतात. जाड तंतूत तो सुमारे एक मिलिसेकंद असतो, त्यानंतर काही काळ नेहमीपेक्षा मोठा धक्का लागतो.

निरोप मागे फिरत नाही तो याच बुचामुळे. पुढची भिंत ताजी असते, मागची बूच लागलेली. पण तंतूला स्वतःला दिशा कळत नाही. प्रयोगशाळेत तंतूच्या मध्यावर धक्का दिला, तर निरोप दोन्ही बाजूंना जातो. दोन टोकांना एकाच वेळी धक्के दिले, तर दोन्ही निरोप मध्ये भेटतात आणि दोघेही संपतात, कारण प्रत्येकासमोर दुसऱ्यानं मागे सोडलेली बूच लागलेली भिंत असते.

आता वेगाकडे येऊ. वेळ नेमका कुठं जातो? भिंत अतिशय पातळ असते, आणि दोन बाजूंना खारं पाणी असलेली पातळ भिंत म्हणजे भार साठवणारा कपॅसिटर. पुढच्या भिंतीचा व्होल्टेज बदलायचा तर आधी हा कपॅसिटर भरावा लागतो, आणि वेळ त्यातच जातो. एक उपाय म्हणजे तंतू जाड करणं, म्हणजे आतला विरोध कमी होतो. माखलीसारख्या समुद्री जीवाचं, स्क्विडचं शरीर तेच करतं. हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये ज्यावर आपला प्रसिद्ध सिद्धांत उभा केला, तो स्क्विडचा तंतू सुमारे अर्धा मिलिमीटर जाड आणि त्याचा वेग सेकंदाला वीस मीटरच्या आसपास. पण उघड्या तंतूचा वेग जाडीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. वेग तिप्पट, म्हणजे साठ मीटर हवा असेल, तर जाडी नऊपट, म्हणजे साडेचार मिलिमीटर लागेल. आपला साठ मीटर वेगाचा तंतू मायलिनसकट एक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका असतो.

ही किमया वेढ्यांची आहे. एक आधारपेशी स्वतःची भिंत तंतूभोवती कापडाच्या गुंडाळीसारखी लपेटते. समजा, पन्नास वेढे झाले. प्रत्येक वेढ्यात दोन भिंती, म्हणजे शंभर कपॅसिटर एकापुढे एक. असे जोडले की एकूण क्षमता शंभरावा भाग उरते. साहजिकच भरायला भार फारच थोडा लागतो, आणि गळतीही थांबते. दोन वेढाळ्यांमध्ये साधारण एक मिलिमीटर अंतरानं, एक मायक्रोमीटर रुंदीची उघडी फट असते, तिला रॅनव्हिएचा नोड म्हणतात. सोडियम चॅनल तिथं दाटीवाटीनं असतात. निरोप नव्यानं तयार होतो तो फक्त तिथं.

हक्सली आणि स्टॅम्फ्ली यांनी १९४९ मध्ये बेडकाच्या एकेका तंतूवर हे मोजून दाखवलं. पुस्तकांत याला 'उडी मारत जाणं' म्हणतात. आम्हाला हा शब्द थोडा फसवा वाटतो. साठ मीटर वेगानं एक मिलिमीटर ओलांडायला सुमारे सतरा मायक्रोसेकंद लागतात. एका नोडवरचा अ‍ॅक्शन पोटेन्शियल मात्र अर्ध्या मिलिसेकंदाच्या घरात टिकतो. म्हणजे एका वेळी तीसेक नोड्स पेटलेले असतात. बेडूक एका दगडावरून दुसऱ्यावर जातो तसं हे नाही, लांब मिरवणूक पुढे सरकते तसं आहे.

आता आवरण झिजलं तर? २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हा 'एनसीव्ही' हे चाचणीचं नाव अनेक घरांत पोचलं. गियाँ-बारे सिंड्रोमच्या एका मुख्य प्रकारात शरीराची प्रतिकारशक्ती मायलिनवरच हल्ला करते. चाचणीत काय बघतात ते एका कल्पित उदाहरणानं समजून घेऊ. मनगटाशी मज्जातंतूला विजेचा छोटा धक्का देतात आणि अंगठ्याचा स्नायू कधी प्रतिसाद देतो ते मोजतात. समजा, ३.५ मिलिसेकंद. मग कोपराशी धक्का देतात, तेव्हा ७.५. मधलं अंतर २२ सेंटिमीटर. फरक चार मिलिसेकंदांचा, म्हणजे वेग सेकंदाला ५५ मीटर. हात ठीक आहे. दुसऱ्या व्यक्तीत हेच आकडे ७ आणि १८ आले, तर २२ सेंटिमीटरला ११ मिलिसेकंद, म्हणजे वेग २० मीटर. हा आवरणाचा बिघाड. उलट, वेग जवळपास ठीक आणि प्रतिसादच लहान असेल, तर आवरण शाबूत पण तंतूच कमी झालेत असा संशय येतो. मनगटावरून प्रतिसाद मोठा आणि कोपरावरून अगदी लहान, हे तिसरं चित्र. त्याचा अर्थ, मधल्या टप्प्यात काही तंतूंतला निरोप मंदावण्याऐवजी पूर्णच अडला आहे.

ही चाचणी करण्याआधी हात थंड असेल तर तो गरम करून घेतात. कारण दर अंशाला वेग सेकंदाला दोनएक मीटरनं बदलतो, आणि थंड हातात निरोगी तंतूही आजारी वाटू शकतो. चॅनलची दारं उष्णतेत जलद उघडतात, त्यामुळे वेग वाढतो. इथवर सरळ आहे.

पण १८९० मध्ये विल्हेल्म ऊटहॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञानं उलटं काही नोंदवलं. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या काही रुग्णांची दृष्टी श्रमानंतर अंधुक व्हायची आणि विश्रांतीनंतर परत यायची. कारण श्रम नसून शरीराचं वाढलेलं तापमान आहे, हे पुढे कळलं. एमआरआय यायच्या आधी निदानासाठी रुग्णाला गरम पाण्यात बसवून लक्षणं वाढतात का हे बघत असत.

उत्तर भाराच्या हिशेबात आहे. एका नोडवरून पुढच्या नोडला जेवढा भार लागतो, त्याच्या सुमारे पाचपट निरोगी तंतू पुरवतो. उष्णतेत सोडियमची दारं लवकर उघडतात तशी बुचंही लवकर बसतात आणि पोटॅशियमही लवकर निघतो. अ‍ॅक्शन पोटेन्शियल आखूड होतो, म्हणजे प्रत्येक नोडकडून मिळणारा भार घटतो. पाचपटीचे चारपट झाले तरी निरोगी तंतूचं काही बिघडत नाही, त्याला फक्त वेगाचा फायदा दिसतो. आवरण झिजलेल्या तंतूत बराचसा भार उघड्या भिंती भरण्यात आणि गळतीत जातो, पुढे जेमतेम पुरेल इतकाच उरतो. त्यात अर्ध्या अंशानं तापमान वाढलं तरी पुढचा नोड उणे ५५ पर्यंत पोचत नाही. निरोप तिथंच संपतो. आवरण तेवढ्या वेळात आणखी झिजलेलं नसतं, म्हणूनच अंग थंड झालं की दृष्टी पूर्ववत होते.

हाच हिशेब उलटा वापरणारं एक औषध आहे, फँप्रिडिन. मायलिनखाली झाकलेले पोटॅशियम चॅनल आवरण गेल्यावर उघडे पडतात आणि भार वाया घालवतात. फँप्रिडिन ते अडवतं, त्यामुळे अ‍ॅक्शन पोटेन्शियल थोडा लांबतो आणि पुढच्या नोडला जास्त भार मिळतो. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या काही रुग्णांची चाल त्यानं सुधारते, सगळ्यांची नाही. आवरण त्यानं परत येत नाही. आणि मात्रा वाढवून जास्त फायदा घेता येत नाही, कारण पोटॅशियम चॅनल मेंदूतल्या निरोगी पेशींतही असतात, आणि ते जास्त अडवले गेले की रुग्णाला फिट येऊ शकते.