पासवर्डांची वही पुरत नाही

दादरच्या एका साडीच्या दुकानाची सोशल मीडिया खाती मी तीन वर्षं सांभाळली. निघताना मालक म्हणाले, "सगळे पासवर्ड एका वहीत लिहून ठेव, म्हणजे झालं." पण तेवढ्यानं भागत नाही.

फेसबुक पेजला स्वतःचा पासवर्डच नसतो. ते माणसांच्या वैयक्तिक प्रोफाइलला जोडलेलं असतं, म्हणून नोटमध्ये लिहायचं ते कोणाकडे कोणता अधिकार आहे हे. इन्स्टाग्रामला पासवर्ड असतो, पण लॉगिनचा सहा आकडी कोड यायचा माझ्या मोबाइलवर. मी गेल्यावर दुकानाच्या हाती नुसता पासवर्ड राहिला असता. म्हणून नव्या मुलीला शेजारी बसवलं. आधी कोड तिच्या फोनवर यायला लागला, तिनं स्वतः लॉगिन करून पाहिलं, बॅकअप कोड छापून तिजोरीत गेले आणि मगच माझा नंबर काढला. हा क्रम उलटा झाला, तर खात्याबाहेर दोघीही. यूट्यूबचं चॅनल ब्रँड खात्यावर असेल, तर नव्या माणसाला मालक म्हणून जोडल्यावर 7 दिवस थांबावं लागतं, तेव्हाच तो मुख्य मालक होऊ शकतो. ते काम शेवटच्या दिवशी उरकत नाही.

खरी मेख शेड्यूल केलेल्या पोस्टमध्ये असते. आमच्या मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या पोस्ट महिनाभर आधी एका शेड्यूलिंग अ‍ॅपमध्ये भरून ठेवलेल्या होत्या. असं अ‍ॅप खात्याशी परवानगीच्या धाग्यानं बांधलेलं असतं आणि फेसबुकचा पासवर्ड बदलला की तो धागा सहसा तुटतो. कॅलेंडरवर पोस्ट दिसत राहते, गुरुवारी सकाळी नऊला बाहेर मात्र पडत नाही. पेज रिकामं दिसेपर्यंत कोणाला पत्ता नसतो. म्हणून माझ्या नोटमधली ओळ अशी होती:

"पासवर्ड बदलला की लगेच अ‍ॅपमध्ये खातं पुन्हा जोडणे. दहा मिनिटांनंतरची एक साधी पोस्ट लावून ती पेजवर आल्याचं डोळ्यांनी पाहणे."

प्रत्येक पोस्टपुढे तारीख आणि वेळ तर होतीच, शिवाय मजकूर कोणी पाहिला आणि सवलत कधी संपते हेही होतं. संपलेल्या सवलतीची पोस्ट बाहेर गेली की गिऱ्हाईक काउंटरवर येऊन फोन पुढे करतं, हे मी एकदा भोगलंय. आणि सगळ्यांत वर, ठळक अक्षरांत: शहरात काही वाईट घडलं, तर रांग कुठून थांबवायची. तशा दिवशी हसऱ्या नवरीचा शालू पेजवर झळकला, तर लोक तो रोबोनं टाकलाय असं म्हणत नाहीत.

नोट लिहिताना माझीही एक चूक सापडली. जाहिरातींच्या खात्याला माझंच क्रेडिट कार्ड जोडलेलं होतं. दर महिन्याला पैसे मिळायचे, म्हणून ते डोक्यातूनच गेलं होतं. नुसतं काढून टाकलं असतं, तर चालू जाहिरात बंद पडली असती. मी लिहिलं, "आधी दुकानाचं कार्ड जोडणे, मग माझं काढणे." मालकांनी शेजारी पेनानं लिहिलं, "आजच."