फोटोच्या पोटातली नोंद

मोबाइलने फोटो काढला की चित्रासोबत त्याच फाइलमध्ये एक नोंदही बसते. फोन कोणता, शटर किती वेळ उघडं होतं, आयएसओ किती, तारीख, वेळ आणि लोकेशन चालू असेल तर जागासुद्धा. या नोंदीला एक्झिफ म्हणतात. १९९५ मध्ये जपानमध्ये ही पद्धत ठरली आणि आज जवळपास प्रत्येक कॅमेरा ती पाळतो. त्यामुळे फोटोबद्दल शंका आली की बरेच जण फाइलचे तपशील उघडतात आणि तिथे फोनचं नाव दिसलं की निर्धास्त होतात. खरं तर तपासाला तिथून कुठे सुरुवात होते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. जुलैत भरदुपारी, कडक उन्हात रस्त्यावर पुराचं पाणी उभं आहे, असा फोटो आपल्याकडे आला. फिल हार्वी यांच्या exiftool या मोफत प्रोग्रॅममध्ये फाइल उघडली तर हे दिसलं:

```
Model            : iPhone 13
FNumber          : 1.6
ExposureTime     : 1/50
ISO              : 800
DateTimeOriginal : 2024:07:25 13:10:42
GPSTimeStamp     : 07:40:42
```

आधी वेळ पाहू. १३:१० ही फोनच्या घड्याळाची वेळ आहे, तर जीपीएसची वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहिली जाते. दोन्हींत बरोबर साडेपाच तासांचा फरक आहे, म्हणजे भारतातल्या फोटोत असायला हवा तेवढाच. मॉडेलही जुळतं, कारण या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचं छिद्र एफ १.६ चंच असतं आणि ते लहानमोठं होत नाही.

आता प्रकाशाचा हिशेब करू. छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा असा, की लख्ख उन्हात छिद्र एफ १६ ठेवलं तर शटरचा वेग आयएसओच्या आकड्याइतका ठेवायचा. आयएसओ ५० असेल तर सेकंदाचा पन्नासावा भाग. एफ १.६ च्या छिद्रातून त्याच्या शंभरपट प्रकाश आत येतो, म्हणून शटर शंभरपट जलद, सेकंदाच्या पाच हजाराव्या भागाइतकं चालायला हवं. नोंदीत मात्र पन्नासावा भाग आहे आणि आयएसओ ८००. शंभरपट शटरमुळे आणि सोळापट आयएसओमुळे, असा एकूण सोळाशेपट फरक पडतो. एवढ्यात आकाश, पाणी, माणसं सगळंच पांढरंफटक झालं असतं आणि नंतर एडिटिंगने उजेड कमी करूनही तपशील परत आले नसते. समोरच्या फोटोत तर ढगांच्या कडासुद्धा स्पष्ट आहेत. ही नोंद घरातल्या किंवा संध्याकाळच्या एखाद्या फोटोची असावी आणि ती या चित्राला चिकटवली असावी, असा दाट संशय इथे येतो.

चिकटवणं अवघडही नाही. त्याला एकच ओळ पुरते:

```
exiftool -TagsFromFile asali.jpg -all:all banavat.jpg
```

आणि इथेच या पद्धतीची मर्यादा आहे. फसवणाऱ्याने भरदुपारच्या खऱ्या फोटोची नोंद उचलली असती, तर आपला सगळा हिशेब चोख जुळला असता. नोंद चित्राशी जुळली नाही तर तो मोठा पुरावा असतो. जुळली तर फक्त एक आक्षेप कमी होतो.

याहून साधी युक्तीही आहे. बनावट चित्र संगणकाच्या पडद्यावर लावायचं आणि फोनने त्याचा फोटो काढायचा. मग नोंद शंभर टक्के खरी असते, कारण कॅमेरा खराच आहे. खोटं आहे ते कॅमेऱ्यासमोरचं दृश्य, आणि त्याबद्दल एक्झिफ काहीच सांगत नाही.

उलट बाजूने, नोंद नाही म्हणून फोटो बनावट ठरत नाही. व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून ही माहिती निघून जाते. स्क्रीनशॉटमध्ये मूळ फोटोची नोंद येतच नाही. पूरग्रस्ताने खरा फोटो पाठवला आणि तो दहा ग्रुपांतून फिरून आला, तर त्यात काहीच उरलेलं नसतं. केवळ त्यावरून त्या माणसाला खोटारडं ठरवणं हा अन्याय आहे.

कॅमेऱ्यानेच फाइलवर गुप्त किल्लीने सही करावी, हा उपाय कंपन्यांनी करून पाहिला आहे. पण २०१० मध्ये एल्कमसॉफ्ट या रशियन कंपनीने कॅननच्या कॅमेऱ्यांमधली किल्ली काढून दाखवली. तिच्या जोरावर त्यांनी चंद्रावर सोव्हिएत झेंडा रोवणाऱ्या अंतराळवीराचं बनावट चित्रही कॅननच्या पडताळणीत खरं ठरवून घेतलं. २०२३ पासून लायकासारख्या कंपन्या नव्या पद्धतीच्या सहीसह कॅमेरे विकू लागल्या आहेत. ही सही जुन्यापेक्षा भक्कम आहे, पण पडद्याचा फोटो काढण्याच्या युक्तीवर तीही एकटी पुरी पडत नाही.

म्हणून शंका असलेला फोटो पुढे पाठवण्याआधी पाठवणाऱ्याकडे मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागा, आणि त्याच वेळी काढलेले आधीचे-नंतरचे फोटोही मागा. खऱ्या जागी उभ्या असलेल्या माणसाकडे बहुधा एकच फोटो नसतो.