‘स्वतःबद्दल सांगा’: दीड मिनिटाची ओळख ३० सेकंदांत कशी आणायची?

मुलाखतीतला पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो. तरीही बरेच उमेदवार याच उत्तरात भरकटतात, कारण ते जन्मापासून सुरुवात करतात आणि कामाचा मुद्दा शेवटी येतो. तोवर समोरच्याची नजर बायोडेटाकडे वळलेली असते.

एक उदाहरण घेऊ. साताऱ्याची बी.कॉम. झालेली तरुणी पुण्यातल्या कंपनीत अकाउंट्स असिस्टंटच्या मुलाखतीला निघाली आहे. तिचं उत्तर असं आहे:

‘सर्वप्रथम ही संधी दिल्याबद्दल मी आपली आभारी आहे. मी मूळची सातारा जिल्ह्यातली. वडील शेती करतात, आई गृहिणी आहे, भाऊ बारावीला आहे. दहावीला मला ८१ टक्के होते. नंतर मी बी.कॉम. केले. मला वाचनाची आवड आहे. मी मेहनती व प्रामाणिक आहे. सध्या मी एका डीलरकडे अकाउंट्स विभागात कार्यरत असून माझ्यावर जीएसटीची जबाबदारी सोपवण्यात आली आहे...’

असंच पुढे दीड मिनिट.

आधी काय काढायचं?

प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा: हे ऐकून ‘ही मुलगी आमचं काम करेल’ असं समोरच्याला वाटेल का? आईवडील, टक्के, आवडीनिवडी या चाळणीत गळतात. कोणी विचारलं तर त्यांची उत्तरं तयार असावीत, एवढंच. ‘मेहनती, प्रामाणिक’ हे शब्दही गळतात, कारण ते प्रत्येक उमेदवार म्हणतो. त्यांच्या जागी केलेलं एक काम सांगायचं.

उरतात तीन गोष्टी: सध्या काय करते, त्यातलं एक ठोस काम आणि ही नोकरी का हवी. याच क्रमाने त्या मांडायच्या.

लिहिलेलं वाक्य तोंडात का अडकतं?

उत्तर छोटं झालं तरी पाठ केल्यासारखं वाटू शकतं. कारण आपण लिहिताना लेखी मराठी वापरतो आणि बोलताना वेगळी. ‘बी.कॉम. केले आहे’ असं गप्पांमध्ये कोणी म्हणत नाही, ‘केलंय’ म्हणतं. ‘कार्यरत असून’ऐवजी ‘काम करते’, ‘जबाबदारी सोपवण्यात आली आहे’ऐवजी ‘ते काम माझ्याकडे असतं’ असं म्हटलं की वाक्य हलकं होतं.

म्हणून मसुदा कागदावर करण्याआधी मोबाइलच्या रेकॉर्डरवर बोलून पाहावा. मैत्रिणीला सांगतो तसं सांगायचं, मग ऐकून उतरवायचं. जिथे जीभ अडखळते तो शब्द बदलायचा. एका श्वासात न मावणारं वाक्य तोडायचं.

तयार झालेलं उत्तर

‘नमस्कार. मी बी.कॉम. केलंय आणि गेली दोन वर्षं साताऱ्यात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या एका डीलरकडे अकाउंट्स बघते. टॅलीतल्या नोंदी आणि जीएसटीचं काम माझ्याकडे असतं. पूर्वी पुरवठादारांची बिलं पोर्टलशी जुळायची नाहीत, महिनाअखेरीला गोंधळ व्हायचा. मी ती दर आठवड्याला जुळवायला लागले. आता चूक वेळेत सापडते. तुमच्याकडे पुरवठादार जास्त आहेत, म्हणून हेच काम मोठ्या प्रमाणावर करायला आवडेल.’

सुरुवातीला नाव जोडलं की साधारण ५५ शब्द होतात. शांतपणे बोललं तर ते अर्ध्या मिनिटाच्या आसपास बसतात. प्रत्येकाचा वेग वेगळा, म्हणून स्टॉपवॉच लावून पाहावं. २० सेकंदांतच संपलं तर घाई होते आहे. ४० च्या पुढे गेलं तर वेग न वाढवता एक वाक्य काढावं.

शेवटच्या वाक्याआधी कंपनीची माहिती काढणं आवश्यक आहे. तुमच्याकडे पुरवठादार किती, हे माहीत नसेल तर ते वाक्य वापरू नये.

पाठ करायचं का?

शब्दन् शब्द पाठ केला, की मध्येच कोणी ‘टॅली कोणतं वापरता?’ असं विचारल्यावर धागा तुटतो आणि उमेदवार पुन्हा ‘नमस्कार’पासून सुरू होतो. त्याऐवजी तीन शब्द लक्षात ठेवावेत. इथे ते आहेत: डीलर, बिलं, पुरवठादार. रोज त्या तीन शब्दांवरून नव्याने बोलावं. वाक्यं दर वेळी थोडी बदलतील. ती बदलली तरी अर्थ तोच राहिला, तर तयारी झाली. पाचही वेळा शब्द जसेच्या तसे आले, तर उत्तर पाठ झालंय असं समजावं.

नोकरीचा अनुभव नसेल तर मधल्या जागी कॉलेजचा प्रोजेक्ट किंवा सुट्टीत केलेलं काम येतं. त्यातही आधी अडचण, मग तुम्ही काय केलं, मग काय फरक पडला, हाच क्रम ठेवावा.

उत्तर संपल्यावर थांबायचं. ‘बाकी काही नाही, एवढंच’ असं शेपूट जोडलं की चांगलं उत्तरही ढिलं वाटतं. थांबलं, तर पुढचा प्रश्न बहुधा त्या बिलांवरच येतो आणि त्याचं उत्तर तर तयारच असतं.