सत्ताविसावा बळी

5 ऑक्टोबर 1941, रविवार. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिन भागातलं एबेट्स फील्ड हे मैदान. अमेरिकी बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा चौथा सामना शेवटच्या टप्प्यात आला होता. घरचा संघ ब्रुकलिन डॉजर्स 4-3 असा पुढे होता आणि न्यूयॉर्क यँकीजचे शेवटच्या इनिंगमधले दोन खेळाडू बाद झाले होते. आणखी एक बाद झाला की सामना डॉजर्सचा. समोर यँकीजचा टॉमी हेन्रिक उभा होता आणि त्याच्या खात्यावर दोन स्ट्राइक जमा होते. डॉजर्सचा ह्यू केसी याने चेंडू टाकला, तो ऐनवेळी झपकन खाली वळला. हेन्रिकने बॅट फिरवली आणि चेंडू साफ हुकला. तिसरा स्ट्राइक. पंचांनी हात वर केला.

पण चेंडू यष्टिरक्षकाच्या जागी बसलेल्या मिकी ओवेनच्या हातमोज्यातून निसटून मागे गेला. ते पाहताच हेन्रिक धावत सुटला आणि सुखरूप पहिल्या बेसवर पोहोचला. सामना संपला नाही.

क्रिकेट बघत मोठ्या झालेल्या माणसाला हा प्रसंग सांगितला, तर तो दोन प्रश्न हमखास विचारतो. नुसता चेंडू हुकल्याने फलंदाज बाद कसा होईल? आणि बाद झालाच असेल, तर तो धावला कसा? या दोन प्रश्नांची उत्तरं नीट समजली, की बेसबॉल आणि त्याचं भावंड असलेला सॉफ्टबॉल हे दोन्ही खेळ बऱ्यापैकी उलगडतात.

आधी इनिंग. क्रिकेटमध्ये एक डाव दहा गड्यांचा किंवा ठरलेल्या षटकांचा असतो. बेसबॉलमध्ये षटकं नाहीत. तिथे डावाची लांबी फक्त बळींवर मोजतात, आणि तीही तीन-तीनच्या तुकड्यांत. पाहुणा संघ आधी फलंदाजी करतो. त्याचे तीन जण बाद झाले, की तो क्षेत्ररक्षणाला जातो आणि घरचा संघ फलंदाजीला येतो. त्याचेही तीन बाद झाले, की एक इनिंग पुरी झाली. अशा नऊ इनिंग खेळायच्या. म्हणजे प्रत्येक संघाकडे तीन नव्वे सत्तावीस बळींची शिदोरी असते. सॉफ्टबॉलमध्ये इनिंग सात, म्हणून शिदोरी एकवीस बळींची. बरोबरी झाली तर जादा इनिंग, आणि घरचा संघ आधीच पुढे असेल तर शेवटच्या इनिंगमधली त्याची पाळी खेळवतच नाहीत. म्हणूनच त्या रविवारी हेन्रिकची विकेट यँकीजची सत्ताविसावी आणि सामन्याची अखेरची ठरणार होती.

बाद झालेला खेळाडू इथे दिवसभरासाठी तंबूत परतत नाही. नऊ जणांचा क्रम ठरलेला असतो आणि तो चक्रासारखा फिरत राहतो. पाचवा खेळाडू तिसरा बळी ठरला, तर पुढच्या इनिंगची सुरुवात सहावा करतो, आणि नववा झाला की पुन्हा पहिला येतो. एकाच सामन्यात एकाच माणसाला चार-पाच वेळा संधी मिळते. त्यामुळे बाद होणं ही इथे रोजची गोष्ट आहे. त्याच 1941 च्या मोसमात बोस्टनच्या टेड विल्यम्सची फलंदाजीची सरासरी .406 होती आणि ती आजही आदराने सांगितली जाते. ‘बॉल’वर मिळणारा मोफत पहिला बेस या सरासरीत धरत नाहीत. तो सोडून उरलेल्या दहा संधींपैकी त्याने चार वेळा यशस्वी फटका मारला, सहा वेळा नाही. क्रिकेटचा फलंदाज बळी जपतो, बेसबॉलचा बॅटर बळी खर्च करून धावा विकत घेतो.

आता स्ट्राइक. बॅटरच्या मागे यष्ट्या नसतात, त्यामुळे त्रिफळा उडण्याचा प्रश्न येत नाही. त्यांच्या जागी हवेत एक अदृश्य चौकट असते, तिला स्ट्राइक झोन म्हणतात. जमिनीवर पाच कोनांची एक पांढरी पाटी असते, ती होम प्लेट. तिची रुंदी 17 इंच, तीच चौकटीची रुंदी. उंची मात्र बॅटरच्या अंगावरून ठरते: खाली गुडघ्याची वाटी आणि वर छातीचा भाग. क्रिकेटच्या तीन यष्ट्यांची मिळून रुंदी 9 इंच असते. म्हणजे पिचरला, अर्थात गोलंदाजाला, जवळपास दुप्पट रुंदीचं लक्ष्य मिळतं. पण चेंडूला टप्पा द्यायचा नसल्याने सगळी करामत हवेतच करावी लागते.

चेंडू या चौकटीतून गेला आणि बॅटरने बॅट हलवलीच नाही, तरी स्ट्राइक. चेंडू चौकटीबाहेरचा होता पण बॅटर त्यावर फिरवायला गेला आणि हुकला, तरीही स्ट्राइक. बॅटरने सोडून दिलेला चौकटीबाहेरचा चेंडू म्हणजे ‘बॉल’. तो आपल्या वाइडचा चुलतभाऊ, फक्त त्याची धाव मिळत नाही. असे चार बॉल झाले, की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर जातो. तीन स्ट्राइक झाले की तो बाद. पंच आणि समालोचक मोजणी सांगतात तेव्हा आधी बॉल, मग स्ट्राइक. हेन्रिकची मोजणी 3-2 होती. म्हणजे पुढच्या चेंडूला दोघांपैकी एकाचा निकाल लागण्याची दाट शक्यता होती.

‘दाट शक्यता’ म्हणायचं कारण फाउल. होम प्लेटपासून दोन रेषा काटकोनात मैदानात पसरलेल्या असतात आणि फटका त्यांच्या आतच मारावा लागतो. क्रिकेटमध्ये यष्ट्यांच्या मागे जाणारा लेट कट किंवा लेग ग्लान्स ही नजाकत समजतात. इथे तो फाउल असतो आणि त्याचा स्ट्राइक मोजला जातो. मात्र दोन स्ट्राइक आधीच झाले असतील, तर साधा फाउल तिसरा स्ट्राइक ठरत नाही. एखादा चिवट बॅटर दोन स्ट्राइकवर फाउलमागून फाउल उडवत पिचरला दमवतो, त्याचं मूळ या नियमात आहे. फाउल चेंडू हवेत झेलला तर मात्र तो सरळ झेलबाद.

फटका रेषांच्या आत पडला की बॅटरला धावावंच लागतं. ‘नको, थांब’ म्हणायची मुभा नाही, आणि क्रिकेटच्या माणसाला हेच पचायला सर्वांत जड जातं. चेंडू झेलला तर बाद. जमिनीवरून गेला आणि बॅटर पहिल्या बेसवर पोहोचण्याआधी तिथल्या क्षेत्ररक्षकाच्या हातात आला, त्याचा पाय बेसला लागलेला असला, तरी बाद. हा आपला धावबादच, फक्त बेल्स पाडायची गरज नाही. पहिल्या बेसवर आधीच कोणी उभा असेल, तर मागून बॅटर येणार म्हणून त्यालाही दुसऱ्या बेसकडे पळावं लागतं. अशा सक्तीने धावणाऱ्याला बाद करायला पुढच्या बेसला नुसता पाय लावला तरी भागतं. सक्ती नसेल, तर त्याच्या अंगाला चेंडू किंवा चेंडू धरलेला हातमोजा टेकवावा लागतो. त्या दिवशी हेन्रिकच्या आधी यँकीजचे जॉनी स्टर्म आणि रेड रोल्फ जमिनीवरचे फटके मारून असेच पहिल्या बेसवर बाद झाले होते.

मग हेन्रिक का वाचला?

कारण तिसरा स्ट्राइक हा बेसबॉलच्या हिशेबात एक झेल आहे. चेंडू बॅटला लागलेला नसला, तरी मागे बसलेल्या कॅचरने तो टप्पा पडण्याआधी पकडला पाहिजे. पकडला तर बळी पुरा झाला, आणि धावफलकाच्या नोंदीत बाद केल्याचं श्रेय कॅचरच्या खात्यावर जातं. चेंडू निसटला, तर स्ट्राइकआउट पिचरच्या नावावर लागतो पण बळी अपुरा राहतो. बॅटरला पहिल्या बेसकडे धावण्याचा हक्क मिळतो, आणि त्याला बाद करायचं तर चेंडू उचलून त्याला टेकवायचा किंवा त्याच्याआधी पहिल्या बेसवर पोहोचवायचा. त्यामुळेच एखादा पिचर एकाच इनिंगमध्ये चार स्ट्राइकआउट नोंदवू शकतो, आणि रेकॉर्डबुकात असे प्रसंग आहेत.

या नियमाला एक कुंपण आहे आणि त्यामागचा विचार बारकाईने पाहण्यासारखा आहे. पहिल्या बेसवर आधीच कोणी उभा असेल आणि दोनपेक्षा कमी बाद असतील, तर चेंडू निसटला तरी बॅटर बादच ठरतो. तसं नसतं तर चलाख कॅचर मुद्दाम चेंडू खाली टाकता. मग बॅटर पळता, त्याच्यासाठी जागा करायला पुढचाही पळता आणि एका चेंडूत दोन बळी मिळता. दोन बाद असताना मात्र त्याला एकच बळी हवा असतो, त्यामुळे ही लबाडी करून उपयोग नाही, आणि म्हणून तिथे कुंपणही नाही. हेन्रिकच्या वेळी पहिला बेस रिकामा होता आणि दोन बाद होते. दोन्ही बाजूंनी धावण्याची वाट मोकळी होती. ओवेन चेंडूमागे धावला, पण चेंडू फार मागे गेला होता.

पुढे जे झालं ते ब्रुकलिनकरांना फार लागलं. जो डिमाजिओने फटका मारून बेस गाठला. चार्ली केलरवरही दोन स्ट्राइक झाले होते, पण त्याने दोन बेसचा फटका मारला आणि हेन्रिक व डिमाजिओ दोघेही घरी आले. यँकीज 5-4 असे पुढे गेले. बिल डिकी चार बॉलवर पहिल्या बेसवर गेला आणि जो गॉर्डनच्या दोन बेसच्या फटक्याने आणखी दोन धावा आल्या. धावफलक 7-4. नवव्या इनिंगच्या उत्तरार्धात डॉजर्सचे तिघेही एकही बेस न गाठता बाद झाले. जो सामना जिंकून डॉजर्स मालिकेत 2-2 अशी बरोबरी साधणार होते, त्याऐवजी ते 1-3 असे मागे पडले आणि दुसऱ्याच दिवशी यँकीजने वर्ल्ड सिरीज जिंकली. ओवेन हा चांगला कॅचर होता, तरी त्याचं नाव पुढे कायम त्या एका निसटलेल्या चेंडूशी जोडलं गेलं.

सॉफ्टबॉलमध्ये हा सगळा हिशेब जवळजवळ तसाच आहे. चेंडू मोठा असतो, 12 इंच घेराचा, आणि तो खालच्या हाताने टाकतात. बेसबॉलमध्ये पिचर 60 फूट 6 इंचांवरून टाकतो, महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये 43 फुटांवरून. दोन बेसमधलं अंतर 90 ऐवजी 60 फूट. अंतर कमी म्हणजे विचार करायला वेळही कमी. जमिनीवरचा चेंडू उचलून फेकताना क्षेत्ररक्षक क्षणभर रेंगाळली, तरी बॅटर पहिल्या बेसवर पोहोचलेली असते. आपल्याकडे शालेय क्रीडा स्पर्धांत सॉफ्टबॉल खेळला जातो, तेव्हा जवळच्या मैदानावर असा सामना भरला तर तो पहिल्या बेसच्या बाजूला उभं राहून पाहावा.

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईत झालेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी क्रिकेट आणि बेसबॉल-सॉफ्टबॉल यांना एकत्रच मंजुरी मिळाली. डॉजर्स संघ 1958 पासून लॉस एंजेलिसमध्ये आहे आणि ऑलिंपिकचा बेसबॉल त्यांच्याच मैदानावर खेळला जाणार आहे. तो सामना पाहाल तेव्हा तिसऱ्या स्ट्राइकला बॅटरकडे पाहू नका, कॅचरच्या हातमोज्याकडे पाहा.