डिस्चार्ज कार्ड कसे असावे?

रुग्णालयातून घरी येताना मिळणारे डिस्चार्ज कार्ड म्हणजे खरे तर फॅमिली डॉक्टरांना लिहिलेले पत्र. परंतु पुष्कळदा ते दिवसांच्या क्रमाने लिहिले जाते आणि महत्त्वाचे तेच आत दडून राहते.

आमच्या काकांचेच उदाहरण घेऊ. न्यूमोनियामुळे ते 21 दिवस रुग्णालयात होते. मधुमेह व रक्तदाब जुनाच. आजारात मूत्रपिंडावर ताण येऊन क्रिएटिनिन 3.1 पर्यंत चढले, म्हणून मेटफॉर्मिन व टेल्मिसार्टन या गोळ्या बंद केल्या. घरी येताना क्रिएटिनिन 1.9 होते. चार पानी कार्डात रोजचा ताप, रोजच्या तपासण्या, सारे होते. गोळ्या बंद केल्याची ओळ मात्र तिसऱ्या पानावर! दवाखान्याच्या गर्दीत डॉक्टरांनी पहिले पान पाहिले व जुन्या गोळ्या चालू ठेवल्या. आठवड्याने क्रिएटिनिन पुन्हा 2.6 झाले.

मग वॉर्डातील डॉक्टरांनी अर्ध्या पानात नवे सार लिहून दिले. वर एका ओळीत निदान. त्याखाली औषधे तीन भागांत : नवी, बदललेली आणि बंद केलेली, बंद का केली व पुन्हा विचार केव्हा करायचा, हेही. पुढे क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासण्याची तारीख, आणि यायचा राहिलेला अहवाल. रोजच्या आकड्यांऐवजी तीनच ठेवले : दाखल होतानाचा, सर्वांत वाईट आणि घरी जातानाचा.

म्हणून कार्ड हाती घेताना आपण एवढे अवश्य पाहावे : कोणती गोळी बंद केली व का, हे पहिल्या पानावर आहे काय?