वारसांच्या प्रतिज्ञापत्रात कोणाकोणाची नावं लिहायची?

बँकेच्या खात्याला नॉमिनी लावलेला नसेल आणि खातेदार वारला, तर बँक घरच्यांकडे वारसांचं प्रतिज्ञापत्र मागते. मयताचे वारस कोण, हे आपण त्यात शपथेवर लिहून देतो. बचत गटाच्या बैठकांत आम्ही पाहतो, की गोंधळ होतो तो या नावांवरूनच.

समजा, एका ताईंचे यजमान वारले. खात्यात ८०,००० रुपये आहेत. मागे ताई, सासूबाई, दोन मुलगे आणि एक लग्न झालेली मुलगी आहे. मोठा मुलगा म्हणतो, "ताईचं लग्न झालं, तिचं नाव कशाला? आजीला तरी पैशांचं काय करायचंय?" आणि तिघांचीच नावं लिहिली जातात.

हे चुकीचं आहे. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र नसेल तर पत्नी, आई, मुलगे आणि मुली यांचा हक्क सारखा. मुलीचं लग्न झालं म्हणून हक्क जात नाही. म्हणजे इथे वारस पाच, आणि प्रत्येकाच्या वाट्याला १६,००० रुपये. एखादी मुलगी आधीच वारली असेल तर तिची मुलंही वारस होतात, त्यांची नावं लिहावी लागतात. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांचे वारसा नियम वेगळे आहेत, त्यांनी वकिलांना विचारूनच यादी करावी.

आता लेकीला वाटलं, सगळे पैसे आईलाच मिळावेत, तर? तरीही तिचं नाव यादीत राहतं. हक्क सोडत असल्याचं ती बँकेच्या वेगळ्या कागदावर सही करून देते. नाव लिहिणं आणि हक्क सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धाकटा मुलगा अठराच्या आतला असेल, तर त्याचा वाटा घरच्यांना असा परस्पर सोडता येत नाही.

कागदात मयताचं पूर्ण नाव, मृत्यूची तारीख आणि खाते क्रमांक येतो. खाली प्रत्येक वारसाचं नाव, वय, नातं आणि पत्ता. शेवटी एक वाक्य असतं : "याव्यतिरिक्त दुसरा कोणीही वारस नाही." खरी शपथ या वाक्याची आहे. जाणूनबुजून नाव गाळलं तर तो खोटी शपथ घेतल्याचा गुन्हा होतो, आणि गाळलेली लेक पुढे हरकत घेऊ शकते.

नावं आधारकार्डाप्रमाणे लिहा. पासबुकात 'सुमनबाई' आणि आधारवर 'सुमन' असेल, तर दोन्ही एकाच व्यक्तीची नावं आहेत असं त्यातच नमूद करा. नमुना आणि स्टँप किती रुपयांचा लागेल, हे आधी बँकेत विचारा. सही किंवा अंगठा नोटरीसमोरच करायचा, आणि त्याआधी सगळा मजकूर मोठ्याने वाचून घ्यायचा. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका.

वारसांत भांडण असेल तर मात्र या कागदाने भागत नाही. तेव्हा बँक दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला मागते. शेतजमिनीचं कामही निराळं आहे. त्यासाठी मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्यावा लागतो. तिथेही लेकींची आणि आईची नावं लिहिली आहेत ना, ते बघून मगच सही करा.